मेडिकलवरची मुलगी इतक्या आपुलकीनं बोलते, ते कामापुरतं की त्यापलीकडचं?

त्रिमूर्ती_अनि

नमस्कार मंडळी. नागपूरकरांकडून सल्ला हवा आहे, आणि दुकानात काउंटरवर काम केलेलं कोणी इथे असेल तर त्यांनी नक्की लिहावं.

मी ३१ वर्षांचा, आई ६३ ची, घरी आम्ही दोघंच. आईला शुगर, बीपी आणि थायरॉइड तिन्ही आहे, त्यामुळे दर महिन्याला त्रिमूर्ती नगरच्या एका मेडिकलमधून औषधं नेतो. तिथे वर्ष-दीड वर्षापासून एक मुलगी काउंटरवर असते. फार्मसी झालेली आहे, वय माझ्याच आसपास असावं. मी घरून काम करतो म्हणून दुपारी तीनच्या सुमारास जातो. तेव्हा बहुतेक वेळा ती एकटीच असते, मालक संध्याकाळी येतात.

मी पायरी चढेपर्यंत आईचं सगळं औषध काढून ठेवलेलं असतं. गोळ्या संपायच्या तीन-चार दिवस आधी तिचा फोन येतो. पाकिटावर वेळा स्वतः लिहून देते. थायरॉइडच्या बाटलीवर तर तिनं "चहाच्या आधी" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मागच्या खेपेला विचारलं, "आईच्या पायांना सूज येते का हो संध्याकाळी?" मधे एकदा मी बर्डीवरून औषधं आणली तर पुढच्या वेळी म्हणाली, "मागच्या महिन्यात आले नाही तुम्ही." माझ्या नोकरीबद्दल विचारते, हसून बोलते. ती एमपीएससीच्या औषध निरीक्षक परीक्षेची तयारी करते आहे, हेही तिनंच सांगितलं.

मला ती आवडते. पण हे सगळं ती ग्राहक म्हणून करते की माझ्यासाठी करते, तेच उमजत नाही. विचारावं का? विचारायचं तर कसं?

---

बापा_राज्या

काहून इतका विचार करून राहिला भाऊ? पोरगी फोन करते, आला नाही तर विचारते, मायची चौकशी करते. अजून काय पाहिजे? आमच्या इकडच्या मेडिकलवाला तर पैसे सुटे नाही म्हणून चॉकलेट हातात देते अन् मान वर करून पाहत नाही. तुमचं पक्कं आहे. या रविवारी फुटाळ्यावर चहाले बोलवून टाका.

---

वर्धारोडवाला

मेडिकल म्हणजे मेडिकल चौकातलं का? तिथली दुकानं असतील तर सांगतो, इतक्या गर्दीत कोणी कोणाशी बोलत असेल तर तो खरंच खास माणूस असणार.

---

त्रिमूर्ती_अनि

नाही दादा, घराजवळचं औषधांचं दुकान. मेडिकल कॉलेजकडचं नाही.

---

काउंटरमागची

मी डी. फार्म. केलंय आणि नागपुरातच दोन वेगवेगळ्या दुकानांत बरीच वर्षं काउंटरवर काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. अनि, तुम्ही दिलेली एकेक गोष्ट घेऊया.

फोन. बिल करताना आम्ही नाव, मोबाईल नंबर आणि डॉक्टरचं नाव टाकतो. तुमच्या आईसारखा कायमच्या औषधांचा पेशंट असेल तर तीस दिवसांचं औषध कधी संपतं ते संगणक दाखवतो. रोज सकाळी ती यादी काढायची आणि ज्यांचं संपत आलंय त्यांना फोन लावायचे, हे माझ्या दोन्ही दुकानांत ठरलेलं काम होतं. तुम्हाला फोन येतो त्या दिवशी आणखी दहा-पंधरा घरी तसाच फोन जातो. शुगर-बीपीचा पेशंट म्हणजे दर महिन्याला नेमानं येणारं गिऱ्हाईक, आणि आजकाल घरपोच देणारे ॲपवाले आणि सवलतीवाले चारही बाजूंनी बसलेत. नियंत्रित किमतीच्या औषधात किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं, त्यातूनच गिऱ्हाइकाला सूट द्यायची. असं गिऱ्हाईक तुटलं की मालकाला लगेच कळतं. तेव्हा "मागच्या महिन्यात आले नाही" हा प्रश्न तुमच्या मनाला कितीही लागला असला, तरी तो आधी दुकानाचा प्रश्न आहे.

आता पायाची सूज. तुमच्या आईच्या बीपीच्या गोळीत अ‍ॅम्लोडिपिन आहे का, ते पाहा. त्या औषधानं काही जणांच्या घोट्याला सूज येते, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी जास्त दिसते. पुष्कळ बायका ते वयामुळे असेल म्हणून सोडून देतात. म्हणून आम्ही विचारतो. थायरॉइडच्या गोळीचंही तसंच. ती उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. नागपुरातल्या आया उठल्याबरोबर आधी चहा ठेवतात. म्हणून त्या दोन रेघा. पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य आहे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

याचा अर्थ ती खोटं वागते असा मुळीच नाही. माझ्या काउंटरवर येणाऱ्या कितीतरी आज्या-आजोबांवर माझा जीव होता. एखादे काका दोन महिने दिसले नाहीत की पोटात गोळा यायचा. ती माया खरी असते आणि तरीही ती कामातली असते. तुमच्या आईबद्दल तिला काळजी वाटत असेल. ती काळजी तुम्ही स्वतःच्या नावावर जमा करून घेऊ नका, एवढंच.

तिच्या कामाला जे लागतं ते सगळं बाजूला काढा आणि काय उरतं ते पाहा. तुमच्या यादीत माझ्या मते दोनच गोष्टी उरतात: परीक्षेचं तिनं आपणहून सांगितलं ते, आणि तुमच्या नोकरीची चौकशी. त्यावर बोलण्याआधी मला काही विचारायचं आहे. फोन दुकानाच्या नंबरवरून येतो की तिच्या स्वतःच्या? बोलणं तिसरं गिऱ्हाईक आल्यावरही चालू राहतं का? आणि तुम्ही कधी रात्री आठला, गर्दीच्या वेळी गेलात का?

---

इतवारी_कापड

ताईंनी बरोबर लिहिलं. माझं साड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न कधी आहे, कोणाला कोणता काठ आवडतो, सगळं आम्हाला लक्षात ठेवावं लागतं. गादीवर बसलं की नातं जोडावंच लागतं. चहा मागवायचा, मुलांची चौकशी करायची, दहा साड्या उलगडून एकही घेतली नाही तरी "पुन्हा या वहिनी" म्हणायचं. त्यामुळे माझं स्पष्ट मत, काउंटरवरचं सगळं बोलणं हे धंद्याचं बोलणं. त्यात दुसरं काही शोधू नये.

---

काउंटरमागची

इतवारी, बरंच खरं आहे, पण सगळं नाही. तुम्ही मालक आहात, तुमचं गोड बोलणं तुमच्या गल्ल्यात जातं. पगारावर काम करणाऱ्या मुलीचं तसं नसतं. तिला ठरलेला पगार, बोलली काय, न बोलली काय. ती काही वेळा नुसती कंटाळलेली असते म्हणूनही बोलते. आणि काउंटरवर ओळख होऊन पुढे लग्न झालेली दोन जोडपी मी स्वतः पाहिली आहेत. तेव्हा "कधीच नसतं" हेही म्हणता येत नाही.

---

त्रिमूर्ती_अनि

ताई, इतकं नीट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आईच्या गोळीचं नाव पाहिलं, टेल्मिसार्टनबरोबर अ‍ॅम्लोडिपिन आहेच. घोट्यांना संध्याकाळी थोडी सूज असते, आईनं मला कधी सांगितलंच नव्हतं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. फोन दुकानाच्याच नंबरवरून येतो. व्हॉट्सॲपवर कधी निरोप आला तर तोही दुकानाच्या नावानं. दुसरं गिऱ्हाईक आलं की ती "एक मिनिट" म्हणून तिकडे वळते, मग मी निघतो. रात्री कधी गेलो नाही.

परीक्षेचा विषय असा निघाला. एप्रिल-मेमधली दुपार होती, बाहेर चिटपाखरू नाही. ती काउंटरवर पुस्तक उघडून बसली होती. मी विचारलं कशाचं, तर तिनं सांगितलं. मग बराच वेळ बोलली. अभ्यासक्रम, क्लासची फी, घरचे म्हणतात आता पुरे कर, असं सगळं.

---

काउंटरमागची

म्हणजे विषय तुम्ही काढलात आणि तिनं उत्तर दिलं. "तिनंच सांगितलं" आणि हे यांत फरक आहे.

आता दुपारचं बोलते, कारण ती वेळ मला पुरती ठाऊक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, दोन ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. शेजारची सगळी दुकानं शटर अर्धं ओढून झोपतात, मेडिकल मात्र उघडं ठेवावं लागतं. कूलरची घरघर, एक्स्पायरीच्या गोळ्या वेगळ्या काढून झाल्या, फोन करून झाले, आता करायचं काय? त्या वेळी जो सभ्य माणूस आत येतो आणि "काय वाचताय" असं आस्थेनं विचारतो, त्याच्याशी मीही भरभरून बोलले असते. बोललेही आहे. एका बँकेतल्या काकांना माझ्या बहिणीच्या लग्नाची सगळी गोष्ट पाठ होती. त्यात मोकळं होणं होतं, ओढ नव्हती.

म्हणून रात्री आठचं विचारलं. गर्दीत चार माणसं हात पुढे करून उभी असतात, कोणी चिठ्ठी नाचवतं, कोणाला फक्त क्रोसीन हवी असते. तेव्हा तिच्याकडे देण्यासारखा वेळ नसतो. तशा वेळी ती तुमच्यासाठी काही वेगळं करते का, म्हणजे मान वर करून ओळखीचं हसते, निघताना आपणहून "परवा पेपर आहे माझा" असं काही सांगते का, ते पाहा. आणि तुमच्या पुढे जे दोघं-तिघं असतील त्यांच्याशी कशी बोलते ते जास्त लक्ष देऊन ऐका. एखाद्या आजींनाही तीच विचारपूस, तेच हसू असेल तर समजायचं की तिचा स्वभावच तसा गोड आहे.

मी जे उरतं म्हणाले ते असं असतं: तुम्ही न विचारता स्वतःच्या आयुष्यातलं सांगणं, मागच्या वेळचा धागा तिनं स्वतः पकडणं आणि तो धागा औषधाचा नसणं, स्वतःचा नंबर देणं, "मी सोमवारी सुट्टीवर असते" असं विनाकारण कळवणं. यातलं एखादं दिसलं तरी लगेच उडी मारू नका. दोन-तीन गोष्टी वारंवार दिसल्या तर विचार करायला जागा आहे.

---

महालचे_नाना

चांगली, शिकलेली, कष्टाळू मुलगी दिसते. तुम्ही लग्नाच्या वयाचे आहात. मग हे हसणं, बघणं, मोजणं कशाला? आपल्याकडे सरळ पद्धत आहे. आईला घेऊन मालकांना भेटा, म्हणावं मुलगी आम्हाला पसंत आहे, तिच्या घरचा पत्ता द्या. रीतसर स्थळ म्हणून जा. मुलीचाही मान राहतो, तुमचाही.

---

काउंटरमागची

नाना, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतं. पण मालकाकडे जाऊ नका, हात जोडून सांगते. मालकाच्या कानावर हे गेलं की तो आधी मुलीलाच विचारेल, "तू काय बोलत होतीस त्यांच्याशी?" माझ्याबरोबरच्या एका मुलीला असंच झालं. तिनं काहीही केलं नव्हतं. एका गिऱ्हाइकानं मालकामार्फत विचारणा केली. मालकानं तिच्या वडिलांना फोन केला, वडिलांनी आठवड्याच्या आत काम सोडायला लावलं. तिचा पगार गेला आणि शिक्षण अर्ध्यावर राहिलं. त्या गिऱ्हाइकाला याचा पत्ताही नसेल.

---

महालचे_नाना

असं होऊ नये, पण होतं, हे मान्य. तरी थेट मुलीला दुकानात गाठून विचारणं मला त्याहून वाईट वाटतं. मधे कोणीतरी वडीलधारं हवंच, मालक नको तर दुसरं कोणी.

---

शुभांगी_मनीषनगर

या धाग्यावर माझा उलटा अनुभव लिहू का? विषय थोडा वेगळा आहे, पण मला खरंच सल्ला हवाय.

आमच्याकडे एका किराणा दुकानातून सामान घरी येतं. आणून देणारा मुलगा पंचवीसेक वर्षांचा, अतिशय अदबशीर. जड पिशवी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ठेवायचा, "ताई, सिलिंडर संपला तर सांगा, मी उचलून देतो" म्हणायचा. मी कौतुकच करायची. दोन महिन्यांपूर्वी त्याचा त्याच्या स्वतःच्या नंबरवरून मेसेज आला, गुड मॉर्निंग आणि फुलं. मी दुर्लक्ष केलं. मग "डीपी छान आहे". मग "आज घरी एकट्या आहात का?" मला धडकीच भरली. नवरा म्हणतो दुकान बदल आणि विषय सोड. पण चूक त्याची, आणि दुकान मी का बदलू? शिवाय त्याला घर माहीत आहे.

---

बापा_राज्या

ताई, हे लय वाईट झालं. एकट्या आहात का म्हणजे काय? मालकाले सांगून टाका लगेच.

---

कोर्टकचेरी

शुभांगीताई, मी वकिली करतो. हा भाग अनिच्या प्रश्नाहून वेगळा आहे, म्हणून सावकाश लिहितो.

तुम्ही तुमचा नंबर सामान पोचवण्यासाठी दिला होता. तो त्यानं स्वतःच्या कामासाठी वापरला, तिथेच हद्द ओलांडली गेली. आता तुम्ही आतापर्यंत गप्प राहिलात, हे साहजिक आहे, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर एक स्पष्ट नकार लेखी असणं फार उपयोगी पडतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहे, ते पाठलागाबद्दल आहे. स्त्रीनं स्पष्टपणे नापसंती दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला तर ते लागतं, आणि पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधीच्या कायद्यातही हे होतं, फक्त कलमाचा आकडा बदलला.

तर एकच मेसेज पाठवा: "हा नंबर फक्त सामानासाठी आहे. यापुढे मला मेसेज किंवा फोन करू नका." त्यात सॉरी नको, हसरं चित्र नको, कारण नको. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख दिसेल असे काढून नवऱ्याकडेही ठेवा, आणि त्याला ब्लॉक स्क्रीनशॉट काढल्यानंतरच करा. मग तुम्ही दोघांनी मिळून दुकानाच्या मालकाला ते दाखवा आणि यापुढे घरी दुसरा माणूस पाठवायला सांगा. बहुतेक वेळा एवढ्यावर थांबतं. नाही थांबलं, किंवा तो दाराशी आला, तर ११२ लावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या.

---

शुभांगी_मनीषनगर

धन्यवाद दादा. एक भीती आहे. मालकानं त्याला काढून टाकलं तर त्याच्या घरी काय होईल, आणि तो राग माझ्यावर काढेल का?

---

कोर्टकचेरी

पहिल्याची जबाबदारी तुमची नाही. दुसऱ्याची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. म्हणूनच एकटीनं न बोलता नवऱ्याला बरोबर घ्या म्हटलं. सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा, की तो मुलगा वर सोडायचा नाही.

आणि अनिला, यातूनच एक गोष्ट. काउंटरमागच्या मुलीलाही असाच कायदा आहे. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून बायकांना सुरक्षित ठेवणं ही २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाची जबाबदारी आहे, आणि त्या बाहेरच्या माणसांत गिऱ्हाईकही येतं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातली मुलगी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. तुम्ही तसे नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. पण तुमच्यासारखे तीन-चार जण दर महिन्याला तिच्यासमोर उभे राहत असतील, आणि ती सगळ्यांशीच सावध राहत असेल, हे लक्षात घ्या.

---

वाचनवेडी_प

एक जुना प्रयोग आठवला. १९८२ मध्ये अँटोनिया अ‍ॅबी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनोळखी तरुण-तरुणीला काही मिनिटं गप्पा मारायला बसवलं, आणि लपून एक पुरुष आणि एक स्त्री त्यांना पाहत होते. बोलणं तेच, माणसं तीच. पण गप्पा मारणाऱ्या आणि लपून पाहणाऱ्या पुरुषांना त्या तरुणीच्या मनमोकळेपणात आकर्षण जास्त दिसलं, स्त्रियांना तेवढं दिसलं नाही. म्हणजे अनिभाऊंचंही तसंच, तिच्या मनात काही नाही हे सिद्धच झालं.

---

काउंटरमागची

प्रयोग महत्त्वाचा आहे, पण त्यावरून या मुलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पुरुषांचा अंदाज एका बाजूला झुकतो एवढंच त्यातून कळतं. अनिनं स्वतःच्या अंदाजातून थोडं वजा करावं, हे मी म्हणेन. त्यापुढचं तिलाच माहीत.

---

त्रिमूर्ती_अनि

रात्री साडेआठला गेलो होतो, आईच्या कॅल्शियमचं निमित्त करून. माझ्यापुढे एक आजोबा होते. ती त्यांना गोळी अर्धी तोडून दाखवत होती, त्यांच्या नातवाच्या परीक्षेचं विचारत होती, आणि अगदी माझ्याशी हसते तशीच हसत होती. माझी पाळी आली तेव्हा ओळखीचं हसली, कॅल्शियम दिलं, "थायरॉइडपासून चार तास" म्हणाली आणि पुढच्याकडे वळली.

हे पाहून थोडं उतरल्यासारखं झालं, पण तिच्याबद्दलचा आदर वाढला. तरी मनातलं जात नाही. समजा विचारायचंच ठरवलं, तर तिला त्रास न होता कसं विचारतात?

---

काउंटरमागची

खरं सांगू? पूर्ण त्रास न होता विचारायची वाट मला माहीत नाही, कारण ती तिथून उठून जाऊ शकत नाही. तुम्ही दार ढकलून निघता, तिला सुट्टी होईपर्यंत तिथेच उभं राहावं लागतं. त्यातल्या त्यात कमी त्रासाचं सांगते.

दुकानाच्या नंबरवर कधीच नाही. तो फोन मालकही पाहतो. ती एकटी असताना दुपारीही नाही, कारण रिकाम्या दुकानात पुरुषानं असं काही काढलं की आधी भीती वाटते, मग माणूस कितीही भला असो. दुकानासमोर सुटण्याच्या वेळेला वाट पाहत थांबणं तर अजिबात नाही. दुकानात एक-दोन माणसं असतील पण ऐकण्याइतकी जवळ नसतील, अशा वेळी बिल चुकतं झाल्यावर, निघता निघता एक वाक्य. "तुमच्याशी बोलायला मला आवडतं. कधी दुकानाबाहेर चहा घ्यावासा वाटला तर हा माझा नंबर. नाही वाटलं तरी काही हरकत नाही, औषधं इथूनच नेईन." चिठ्ठी काउंटरवर ठेवायची आणि उत्तराची वाट न पाहता निघायचं. तिनं उत्तर द्यायचं की नाही, हे तिच्या हातात राहतं.

आणि नंतर दोन महिने औषधं घरपोच मागवा किंवा आईला पाठवा. तिला तुमचं तोंड चुकवावं लागू नये. फोन आला नाही तर तोच नकार. "बघते", "घरी विचारावं लागेल", "सध्या अभ्यास आहे" हेही नकारच, काउंटरवरची मुलगी गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणू शकत नाही. आतापर्यंत नुसतं "तुम्ही" म्हणत होती आणि एकदम "दादा" म्हणायला लागली, तर तेही उत्तरच. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हसून आठवण करून द्यायची नाही, "माझं काही चुकलं का" असंही विचारायचं नाही.

---

रामदासपेठ_मृ

मी एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर काम करते. काउंटरमागची ताई, तुमचं बाकी सगळं पटलं, पण ती चिठ्ठी मला नाही पटली. तुम्ही म्हणता निवड तिच्या हातात राहते. माझ्या टेबलावर अशी चिठ्ठी एकदा आली होती. त्या माणसानं काहीच वाईट केलं नाही, पुन्हा बोललाही नाही. तरी पुढचे कितीतरी दिवस दार वाजलं की मी आधी बघायची की तोच आहे का. ज्याची आई आमच्याकडे उपचार घेते त्याला नाही म्हटल्यावर मी त्या आईशी नेहमीसारखं कसं बोलू, हा प्रश्न मला होता, त्याला नव्हता. माझ्या मते तिनं स्वतः काही दाखवल्याशिवाय विचारूच नये. आतापर्यंत तिनं काहीही दाखवलेलं नाही.

---

इतवारी_कापड

मग कोणी कोणाला कधी विचारायचंच नाही का? आयुष्य असंच जाईल.

---

रामदासपेठ_मृ

विचारा ना. जिथे समोरचा माणूस पगारासाठी हसत नसेल तिथे विचारा.

---

काउंटरमागची

मृ, तुझं म्हणणं मी नाकारत नाही. मला चिठ्ठी आली असती तर कदाचित चाललं असतं, तुला त्रास झाला, दोन्ही खरं आहे. म्हणूनच म्हणते, रात्री जे दिसलं त्यावरून मी आज तरी विचारा असं सांगणार नाही.

अनि, विचारायचं-नाही ते सावकाश ठरवा. पण सुजेचं थांबवू नका. आईला डॉक्टरांकडे न्या, घोटा बोटानं दाबल्यावर खळगा राहतो का ते त्यांना दाखवा, एका पायाला जास्त असेल किंवा दम लागत असेल तर त्याच दिवशी जा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, बीपी चढेल.

---

त्रिमूर्ती_अनि

दोन्ही पायांना सारखीच आहे, दम वगैरे नाही. परवाची वेळ घेतली आहे. विचारायचं सध्या थांबवतो. औषधं यापुढे संध्याकाळीच आणेन, दुपारची सवय मोडतो.

---

शुभांगी_मनीषनगर

मेसेज पाठवला, जसाच्या तसा. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. उद्या सकाळी आम्ही दोघं दुकानात जाणार आहोत. एक विचारायचं राहिलं, मालकाकडे त्या मुलासमोरच बोलायचं की त्याला बाहेर पाठवून?

---

कोर्टकचेरी

बाहेर पाठवून. मालकाला आधी वाचू द्या, त्याला काय विचारायचं ते मालक नंतर विचारतील. आणि स्क्रीनशॉट मालकाच्या फोनवर पाठवू नका, फक्त दाखवा.